ब्लॉक, म्यूट, रिस्ट्रिक्ट : मेसेज नेमका कुठे अडतो?

मागच्या भागानंतर एका श्रोत्याने व्हॉइस नोट पाठवली होती. त्याचा प्रश्न असा : "मी एकाला व्हॉट्सअ‍ॅपवर ब्लॉक केलंय. उद्या अनब्लॉक केलं तर मधल्या काळात त्याने पाठवलेले सगळे मेसेज धाडधाड येतील का?" त्याच आठवड्यात एका मुलीने विचारलं, "इन्स्टावर ब्लॉक केलं तर त्याच्या जुन्या कमेंट राहतात का जातात?" दोघांचा प्रश्न तसा एकच आहे. पाठवलेली गोष्ट नेमकी जाते कुठे? म्हणून आज फक्त व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाग्राम घेऊ. सगळी अ‍ॅप घेतली तर रात्र होईल.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. नाही येत. एकही येत नाही. आणि का येत नाही ते कळलं ना, की पुढचं सगळं आपोआप कळतं.

मी बॅकएंडवर काम करते, त्यामुळे कुठलाही मेसेज मला तीन टप्प्यांत दिसतो. पाठवणाऱ्याचा फोन, मध्ये कंपनीचा सर्व्हर, आणि मग तुमचा फोन. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या टिका म्हणजे या प्रवासाच्या पावत्या आहेत. एक टिक म्हणजे मेसेज सर्व्हरपर्यंत पोचला. दोन टिका म्हणजे समोरच्याच्या फोनवर उतरला. निळ्या झाल्या म्हणजे त्याने उघडला, अर्थात त्याने रीड रिसीट चालू ठेवली असेल तर.

आता समजा तुम्ही गडावर गेलाय आणि रेंज नाही. कोणी मेसेज केला तर त्याला एकच टिक दिसते. मेसेज सर्व्हरवर थांबलेला असतो, कुलूपबंद, आणि तुम्ही खाली आलात, नेट मिळालं की फोनवर उतरतो. व्हॉट्सअ‍ॅप असे न पोचलेले मेसेज 30 दिवस सांभाळतं, मग पुसून टाकतं. म्हणजे इथे सर्व्हर पोस्टमनसारखा वागतो. घर बंद असलं तर पत्र परत पिशवीत, उद्या पुन्हा चक्कर.

ब्लॉक केल्यावर पोस्टमनला सांगितलेलं असतं की या माणसाचं पत्र या घरी द्यायचंच नाही. आज नाही, उद्या नाही, नंतर मनाई उठवली तरी आधीचं नाही. पाठवणाऱ्याला मात्र तीच एक टिक दिसते, जी गडावर गेलेल्या माणसाच्या बाबतीत दिसली असती.

मी हे दोन फोन शेजारी ठेवून करून बघितलं. एका नंबरवरून दुसऱ्याला ब्लॉक केलं, दुसऱ्यावरून सात मेसेज पाठवले, "एक", "दोन", "तीन" असे. मग अनब्लॉक केलं आणि आठवा पाठवला. आठवा लगेच पोचला, दोन टिका. पहिले सात पाठवणाऱ्याच्या फोनवर एका टिकेवर तसेच लटकलेले. दुसऱ्या फोनवर थेट "आठ". तिथे ना रिकामी जागा, ना "सात मेसेज आले होते" अशी सूचना. ज्याला आठवा मिळाला, त्याच्या दृष्टीने आधीचे सात कधी लिहिलेच गेले नाहीत.

आता कोणी म्हणेल, मग एक टिक दिसली म्हणजे त्याने मला ब्लॉक केलं हे नक्की. नाही. फोन बंद असेल, नेट संपलं असेल, अ‍ॅप काढून टाकलं असेल, तरी एकच टिक दिसते. लास्ट सीन दिसत नाही, प्रोफाइल फोटो बदललेला दिसत नाही, कॉल लागत नाही, या सगळ्या खुणा एकत्र जमल्या तर संशय घ्यायला जागा आहे, पण खात्री नाही. आणि हे व्हॉट्सअ‍ॅपने मुद्दाम असंच ठेवलंय, त्यांच्या मदत पानावर तसं स्पष्ट लिहिलंय. मला हा निर्णय आवडतो. ब्लॉक करणाऱ्याला "मी फिरायला गेले होते, रेंज नव्हती" म्हणायची सोय राहते. कित्येक मुलींना ही सोय लागते.

ब्लॉक कुठपर्यंत चालतं हेही बघू, कारण इथेच लोक फसतात. जुनं चॅट दोघांच्याही फोनवर तसंच राहतं. तुमचे जुने मेसेज त्याच्याकडून पुसले जात नाहीत. तुम्ही दोघं एकाच ग्रुपमध्ये असाल, सोसायटीच्या, कॉलेजच्या, कुठल्याही, तर तिथे तुमचं त्याला दिसतं आणि त्याचं तुम्हाला दिसतं. ग्रुपला तुमचं ब्लॉक लागू नाही. त्यातून सुटायचं तर ग्रुप सोडा, नाहीतर अ‍ॅडमिनशी बोला. आणि व्हॉट्सअ‍ॅपचं ब्लॉक म्हणजे फक्त व्हॉट्सअ‍ॅपचं. साधा फोन आणि साधा एसएमएस येतच राहतो, तो फोनच्या सेटिंगमधून वेगळा ब्लॉक करावा लागतो. उलटही तसंच. फोनमध्ये नंबर ब्लॉक केला म्हणून व्हॉट्सअ‍ॅप बंद होत नाही.

म्यूटचं काम फार छोटं आहे. प्रवास पूर्ण होतो. मेसेज तुमच्या फोनवर उतरतो, समोरच्याला दोन टिका दिसतात, तुम्ही उघडला तर निळ्याही होतात. फक्त फोन वाजत नाही. आठ तास, आठवडा किंवा कायमचं, हवं ते निवडा. म्यूट केलंय हे समोरच्याला कळायचा काही मार्ग नाही, कारण त्याच्या बाजूने काही बदललेलंच नसतं. ग्रुप म्यूट असताना कोणी तुमचं नाव घेऊन मेन्शन केलं किंवा तुमच्या मेसेजला रिप्लाय दिला तर मात्र सूचना येऊ शकते, म्हणून काही जण म्हणतात की "म्यूट केलं तरी वाजतंय." ते बिघडलेलं नाही, ते तसंच बनवलंय.

म्हणजे म्यूट तुमच्या घराची घंटा काढतं, ब्लॉक पोस्टमनला फाटकावर अडवतं. इथपर्यंत सरळ आहे. गुंता सुरू होतो इन्स्टाग्रामवर, कारण मेसेज दोघांतला असतो, पण कमेंट सगळ्यांसमोर असते. तिथे तिसरं कोणीतरी वाचतंय.

ही गोष्ट माझ्या चुलत बहिणीमुळे मला नीट कळली. ताई साताऱ्यात घरून केक करते, ऑर्डर सगळ्या इन्स्टावरून. एका गिऱ्हाइकाचा केक दीड तास उशिरा पोचला. त्याने पोस्टखाली कमेंट केली की वाढदिवस झाल्यावर केक आला. बरोबरच होतं त्याचं. ताईने तिथेच माफी मागितली, अर्धे पैसे परत केले. विषय तिथे संपायला हवा होता. पण तो माणूस प्रत्येक नवीन पोस्टखाली यायला लागला. "हिच्याकडून घेऊ नका." "बाहेरून आणून विकते." मग रात्री अकरा-साडेअकराला पर्सनल मेसेज, आणि त्यात केकचा विषयच नव्हता. कुठे राहतेस, एकटी करतेस का सगळं, स्टोरीत मागे दिसतं ते घर कुठलं.

ताईने मला फोन केला तेव्हा तिचं बोट ब्लॉकवर होतं. म्हटलं, दहा मिनिटं थांब, आधी ब्लॉक केल्यावर काय होतं ते ऐक.

इन्स्टाग्रामवर ब्लॉक केलं की त्याला तुमचं प्रोफाइल, पोस्ट, स्टोरी काही सापडत नाही. फॉलो दोन्ही बाजूंनी तुटतो. तो तुम्हाला टॅग किंवा मेन्शन करू शकत नाही. त्याने ब्लॉक असताना पाठवलेला मेसेज तुम्हाला मिळत नाही, आणि अनब्लॉक केल्यावरही मिळत नाही, अगदी व्हॉट्सअ‍ॅपसारखं. जुन्या मेसेजचा धागा इनबॉक्समध्ये राहतो. त्याला कसलीही सूचना जात नाही.

पण कमेंट? त्याने तुमच्या पोस्टवर केलेले लाइक आणि कमेंट निघून जातात. फक्त यापुढचे नाही, आधीचेसुद्धा. आणि अनब्लॉक केलं तरी परत येत नाहीत. त्या मुलीच्या प्रश्नाचं हे उत्तर.

बहुतेकांना हे ऐकून बरं वाटतं, घाण गेली. ताईच्या बाबतीत दोन अडचणी होत्या. एक, "बाहेरून आणून विकते" वगैरे कमेंट हा तिच्याकडचा पुरावा होता. पोलिसांत जायची वेळ आली तर काय दाखवणार? मेसेज राहिले असते, पण "हा सगळ्यांसमोर तीन आठवडे हे लिहीत होता" हे दाखवणारं काही उरलं नसतं. दुसरी अडचण तिने स्वतः सांगितली, माझ्या डोक्यात आली नव्हती. ती म्हणाली, "त्याची पहिली कमेंट खरी होती. ती मी उडवली तर बाकीच्यांना वाटेल मी तक्रारी पुसते." धंदा करणारीचं डोकं ते.

इथे रिस्ट्रिक्ट कामाला येतं. इन्स्टाग्रामने हे 2019 मध्ये आणलं, खास छळ करणाऱ्यांसाठी. मला विचाराल तर या तिन्हींत सगळ्यात हुशारीचं काम हेच आहे.

रिस्ट्रिक्ट केलेल्या माणसाची नवी कमेंट स्वीकारली जाते, साठवली जाते, पण ती फक्त त्यालाच दिसते. तो पोस्ट उघडतो, स्वतःची कमेंट तिथे बघतो, समाधानाने झोपतो. त्याच वेळी दुसरं कोणी तीच पोस्ट उघडलं तर तिथे कमेंट नाही. आणि तुम्हाला ती झाकलेली दिसते. "कमेंट बघा" असं दाबलं तर उघडते, मग तुमच्यापुढे तीन पर्याय : मंजूर करा, म्हणजे सगळ्यांना दिसेल, काढून टाका, किंवा तशीच पडू द्या. या कमेंटची सूचना तुम्हाला येत नाही. आधीच्या कमेंटला रिस्ट्रिक्ट हात लावत नाही, त्या होत्या तशा राहतात.

म्हणजे एकाच पोस्टची तीन रूपं. त्याच्यासाठी वेगळं, तुमच्यासाठी वेगळं, जगासाठी वेगळं. सर्व्हरने कमेंट कोणाला दाखवायची हे ठरवताना एक जास्तीचा प्रश्न विचारायचा : बघणारा कोण आहे? बस, एवढंच.

मेसेजचंही असंच. त्याचं चॅट इनबॉक्समधून उचलून मेसेज रिक्वेस्टमध्ये टाकलं जातं, आवाज येत नाही. तुम्ही ते उघडून वाचलं तरी त्याला "सीन" दिसत नाही, आणि तुम्ही ऑनलाइन आहात का तेही दिसत नाही. त्याच्या बाजूने मेसेज गेलेला आहे, उत्तर नाही, इतकंच.

ताईने हेच केलं. पण त्याआधी अर्धा तास स्क्रीनशॉट. प्रत्येक कमेंटचा, त्याचं युजरनेम दिसेल असा, पोस्ट कोणती ते दिसेल असा. एकट्या कमेंटचा कापलेला तुकडा फार उपयोगाचा नाही. त्याच्या प्रोफाइलचाही घेतला, कारण युजरनेम बदलता येतं. मेसेजचे तर ताबडतोब घ्यायचे, कारण इन्स्टाग्रामवर पाठवणारा आपला मेसेज अनसेंड करू शकतो, आणि मग तो तुमच्याकडूनही जातो. व्हॉट्सअ‍ॅपवर निदान "हा मेसेज डिलीट केला" अशी खूण मागे राहते. व्हॉट्सअ‍ॅपचं प्रकरण असेल तर चॅट एक्सपोर्ट करायची सोय आहे, ती वापरा, तारीख-वेळेसकट सगळं फाइलमध्ये येतं. आणि तिथे रिपोर्ट करताना त्या माणसाचे शेवटचे पाच मेसेज व्हॉट्सअ‍ॅपकडे जातात, त्याला न कळता. रिपोर्टबरोबर ब्लॉक आणि चॅट साफ करायची खूण दिसते, ती आपोआप टिचकी मारून जाऊ नका, आधी वाचा.

रिस्ट्रिक्ट केल्यावर त्या माणसाने बारा दिवसांत नऊ कमेंट केल्या. ताईच्या गिऱ्हाइकांना त्यातली एकही दिसली नाही. पहिली, उशिराच्या केकची, खाली ताईच्या उत्तरासकट जागेवर होती. भांडण वाढलं नाही, कारण भांडायला समोर कोणी नव्हतं. ब्लॉक केलं असतं तर तो चिडून दुसऱ्या अकाउंटवरून आला असता, निदान ताईची तरी भीती तीच होती.

पण आता रिस्ट्रिक्टची मर्यादा, आणि ही नीट ऐका. रिस्ट्रिक्ट त्याचं तोंड झाकतं, डोळे नाही. त्याला तुमच्या पोस्ट दिसतात, स्टोरी दिसते, सगळं पूर्वीसारखं. ताईच्या प्रकरणात घर कुठलं विचारणारा माणूस तिच्या स्टोरी रोज बघत होता. म्हणून त्या बारा दिवसांत तिने स्टोरी फक्त ओट्याजवळच्या भिंतीसमोर काढली आणि त्याच्यापासून स्टोरी लपवायचा पर्यायही वेगळा चालू केला. दुसरी मर्यादा : त्याला कळू शकतं. अ‍ॅप सांगत नाही, पण त्याने मित्राच्या फोनवरून तीच पोस्ट बघितली आणि स्वतःची कमेंट दिसली नाही तर त्यात न समजण्यासारखं काय आहे?

इन्स्टाग्रामचं म्यूट मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण यात सगळ्यात जास्त गैरसमज आहे. लोक त्रास देणाऱ्याला म्यूट करतात आणि मग विचारतात, त्याच्या कमेंट अजून कशा येतायत? अहो, म्यूट त्याच्या पोस्ट आणि स्टोरी तुमच्या समोरून काढतं. तो तुमच्या पोस्टवर काय लिहितो याच्याशी त्याचा संबंधच नाही. कमेंट येते, सगळ्यांना दिसते. चॅट म्यूट केलं तर मेसेजची घंटा थांबते, मेसेज येतो, उघडला तर त्याला "सीन" जातं. रोज सकाळी सुविचार आणि दुपारी नातवाचे चौदा फोटो टाकणाऱ्या काकांसाठी म्यूट उत्तम. त्यांना दुखवायचं नाही आणि ते काही वाईट लिहीतही नाहीत. रात्री साडेअकराला पत्ता विचारणाऱ्यासाठी म्यूटचा काडीचा उपयोग नाही.

ताईने तेराव्या दिवशी ब्लॉक केलं. तोपर्यंत तिच्याकडे फोल्डर तयार होतं, तारखेप्रमाणे लावलेलं, आणि आधीच ते पेन ड्राइव्हवर घेऊन दादाकडे दिलं होतं. ब्लॉक करताना इन्स्टाग्राम विचारतं की फक्त हे अकाउंट, की या माणसाची बाकीची आणि पुढे काढली जाणारी अकाउंटसुद्धा. तिने दुसरं निवडलं. हे पक्कं कुंपण नाही, इन्स्टाग्रामला जी अकाउंट त्याचीच आहेत हे ओळखता येतं तेवढीच अडतात. वेगळ्या नंबरवरून, वेगळ्या फोनवरून आला तर येऊ शकतो. ब्लॉक झाल्या झाल्या त्याच्या सगळ्या कमेंट गेल्या, ती पहिली खरी तक्रारसुद्धा. ताईने मग स्वतःच एक पोस्ट टाकली, की मागे एक केक उशिरा गेला होता, आता साताऱ्याबाहेरची ऑर्डर आदल्या दिवशी संध्याकाळीच पोचवते.

तक्रार तिने cybercrime.gov.in वर केली आणि जवळच्या पोलीस ठाण्यातही गेली. बाईने नको म्हटल्यावरही वारंवार संपर्क करणं, ती ऑनलाइन काय करते यावर पाळत ठेवणं, हे भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 मध्ये पाठलाग म्हणून येतं. इथे "नको म्हटल्यावरही" हे शब्द महत्त्वाचे आहेत. ताईने रिस्ट्रिक्ट करायच्या आधी त्याला एकच मेसेज लिहिला होता : "ऑर्डरशिवाय कुठल्याही विषयावर मला मेसेज करू नका." तारखेसकट तो स्क्रीनशॉट फोल्डरमध्ये सगळ्यात वर होता. आधीच ब्लॉक केलं असतं तर त्यानंतरचे त्याचे मेसेज तिच्यापर्यंत पोचलेच नसते, आणि नको म्हटल्यावरही तो लिहीत राहिला हे दाखवायला हातात काही नसतं. ठाण्यातल्या मॅडमनी पहिला प्रश्न तोच विचारला, "तुम्ही त्याला नाही म्हणालात का, आणि कधी?"

पण एक गोष्ट स्पष्ट सांगते. कोणी धमकी देत असेल, दाराशी येण्याची भाषा करत असेल, किंवा त्याचा मेसेज आला की तुम्हाला जेवण जात नसेल, तर पुरावा गोळा करत बारा दिवस थांबू नका. आहे त्याचे स्क्रीनशॉट काढा, लगेच ब्लॉक करा, घरात कोणाला तरी सांगा. ताईला ते मेसेज स्वतः वाचायलाही लागले नाहीत. रिक्वेस्टचा फोल्डर रोज रात्री दादा उघडायचा आणि स्क्रीनशॉट काढायचा.

जाता जाता, बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून एक्सबद्दल एक वाक्य. तिथे 2024 पासून ब्लॉक केलेल्या माणसालाही तुमच्या पब्लिक पोस्ट वाचता येतात, पण उत्तर देता येत नाही. तेव्हा इन्स्टावरचं ब्लॉक डोक्यात ठेवून तिथे घराचे फोटो टाकू नका.

आणि त्या पहिल्या व्हॉइस नोटवाल्या मित्राला : तू अनब्लॉक केलंस तर तुला जुनं काही येणार नाही, आणि त्यालाही तू अनब्लॉक केल्याची सूचना जाणार नाही. त्याने नंतर नवीन मेसेज केला तरच त्याला दोन टिका दिसतील, आणि वर एका टिकेवर अडकलेले जुने मेसेज त्याच्या फोनमध्ये तसेच असतील. त्यात काय लिहिलं होतं हे जाणून घ्यायचं असेल तर त्यालाच विचारावं लागेल.

भेटू पुढच्या भागात.